डीव्हीडीच्या रेघा, निळा एलईडी आणि इलेक्ट्रॉनचा किरण: प्रकल्प नोंदी

७ जून, नौपाडा

पावसाळ्याआधी सगळ्या लॅबवाल्यांचे मायक्रोस्कोप एकदमच येतात. ठाण्याची दमट हवा भिंगांना सोसत नाही. जुलै आला की काचेवर बुरशीची जाळी धरायला लागते, म्हणून जूनमध्येच साफसफाई उरकलेली बरी. आज एका पॅथॉलॉजी लॅबचा मायक्रोस्कोप आला. सोबत डोळा लावायच्या भिंगांबद्दल मागणी अशी की, "१०एक्सचे आयपीस काढून २५एक्सचे बसवून द्या. आता हजार पट दिसतं, मग अडीच हजार पट दिसेल. मलेरियाचे बारीक जंतू सुटायला नकोत."

मी सांगून पाहिलं की चित्र मोठं होईल, पण बारकावा तेवढाच राहील. पटलं नाही. पटणार तरी कसं? मोठं केलं की जास्त दिसतं हा प्रत्येकाचा रोजचा अनुभव आहे. वर्तमानपत्र डोळ्याजवळ धरलं की अक्षर दिसतं.

वीस वर्षं हे काम करतोय आणि दर वर्षी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतो. या वेळी ठरवलं की टेबलावर एक कायमची मांडणी करायची. तेच भिंग, तीच वस्तू, तेवढंच मोठेपण. फक्त प्रकाशाचा रंग बदलायचा, आणि रंग बदलला की बारकावा दिसायला लागला पाहिजे. येणाऱ्याने स्वतः डोळा लावून बघावं. भाची टीवाय बीएस्सीला फिजिक्स करते, तिला फोनवर सांगितलं. म्हणाली, "मामा, मी पण येणार. आणि हे वहीत लिहून ठेव." म्हणून ही वही.

९ जून

वस्तू कोणती घ्यायची यावर दोन दिवस गेले. जुने लोक भिंग तपासायला डायटम वापरायचे. ही एकपेशीय शैवालं, त्यांच्या काचेसारख्या कवचावर अगदी सारख्या अंतराच्या रेघा असतात. ठाण्याच्या खाडीत डायटम भरपूर मिळतील, पण नेमकी जात ओळखणं माझं काम नाही. मला अंतर आधीच पक्कं ठाऊक असलेली वस्तू हवी होती.

ती घरातच सापडली. कोरी डीव्हीडी. तिच्यावरची सर्पिलाकार खोबण एका फेऱ्यापासून दुसऱ्या फेऱ्यापर्यंत ०.७४ मायक्रॉन अंतरावर असते, हे जगभर ठरलेलं माप आहे. सीडीचं अंतर १.६ मायक्रॉन, ब्लू-रेचं ०.३२. गल्लीतल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत कोऱ्या डिस्कचा अर्धा डबा धूळ खात पडला होता, तो त्यांनी आनंदाने दिला.

डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलीमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात. कात्रीने पाचर कापली, कडेत ब्लेड सरकवलं, दोन्ही भाग अलग झाले. चकाकणारा थर चिकटपट्टीने ओढून काढला, जांभळा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला. हातात उरला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. उजेडात धरला की इंद्रधनुष्य दिसतं, म्हणजे खोबणी शाबूत आहेत.

इथे एक चूक केली ती लिहून ठेवतो. तुकडा उलटा ठेवला, खोबणीची बाजू खाली. ४०चं ऑब्जेक्टिव्ह खाली आणत गेलो, फोकस येईना, आणि भिंग प्लॅस्टिकला टेकलं. या भिंगासमोर जेमतेम अर्धा मिलीमीटर जागा असते, प्लॅस्टिकच ०.६ आहे. मग खोबणीपर्यंत पोचणार कसं? भिंगाला ओरखडा पडला नाही हे नशीब. खोबणीची बाजू वर ठेवायची, त्यावर साधी कव्हरस्लिप. बाजू ओळखायची तर कडेला पेनाची खूण आधीच करून ठेवावी.

१२ जून

मांडणी अशी. जुना, आरशाचा शाळकरी मायक्रोस्कोप. ऑब्जेक्टिव्हवर कोरलेलं आहे 40/0.65. यातला ४० सगळे वाचतात, ०.६५ कुणी वाचत नाही. हा आकडा म्हणजे न्युमरिकल ॲपर्चर. वस्तूपासून निघालेला प्रकाश भिंग किती रुंद शंकूत गोळा करू शकतं, त्याचं हे माप. ०.६५ म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सुमारे ४० अंश. त्याहून तिरका जाणारा किरण भिंगाच्या बाहेरून निघून जातो.

लॅमिंग्टन रोडवरून तीन एलईडी आणले: निळा ४६५ नॅनोमीटर, हिरवा ५२५, तांबडा ६३०. आरसा काढून त्याच्या जागी एलईडी, वर नेहमीचा कंडेन्सर, म्हणजे प्रकाश गोळा करून वस्तूवर टाकणारं भिंग. त्याची आयरिस, म्हणजे लहानमोठं करता येणारं भोक, अगदी बंद.

रेघा आधी कुठल्याच रंगात दिसेनात. तासभर गेला. मग लक्षात आलं की तुकडा पूर्ण पारदर्शक आहे. खोबणीतून गेलेला प्रकाश आणि दोन खोबणींमधल्या पट्टीवरून गेलेला प्रकाश यांची उजळता सारखीच, फक्त एक लाट दुसरीपेक्षा किंचित मागे पडते. अशी वस्तू तंतोतंत फोकसमध्ये असली की डोळ्याला काहीच दिसत नाही. फाइन नॉब केसभर फिरवला, आणि निळ्या उजेडात बारीक, एकसारख्या, पोळपाटावर सुरीने ओढाव्यात तशा रेघा उभ्या राहिल्या. आणखी केसभर फिरवलं की पुसल्या, पुन्हा फिरवलं की आल्या. अर्ध्या मायक्रॉनचा खेळ आहे, नॉबला हात लावताना श्वास रोखावा लागतो.

तांबड्यात रेघा आल्या नाहीत. पण हिरव्यात आल्या. माझ्या हिशेबाने हिरव्यात यायला नको होत्या. काहीतरी राहून जातंय.

१४ जून

भाची आली, तिने हिशेब पुन्हा मांडला. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत: "मामा, खोबणी म्हणजे ग्रेटिंग. सरळ खालून प्रकाश आला तर एक भाग सरळच जातो आणि बाकीचा ठरावीक कोनात बाजूला फुटतो. त्या कोनाचा साइन म्हणजे तरंगलांबी भागिले रेघांमधलं अंतर."

आकडे घातले. ०.७४ मायक्रॉन म्हणजे ७४० नॅनोमीटर. निळा: ४६५ भागिले ७४०, म्हणजे ०.६३. हिरवा: ०.७१. तांबडा: ०.८५. आपलं भिंग ०.६५ पर्यंतच घेतं. म्हणजे निळ्याचा फुटलेला किरण भिंगाच्या कडेला घासून का होईना आत येतो, हिरव्याचा आणि तांबड्याचा बाहेर राहतो. आत फक्त सरळ किरण आला तर भिंगाला रेघांबद्दल काहीच कळत नाही. नुसता सपाट उजेड. सरळ आणि फुटलेला असे दोन्ही किरण आत येऊन वर एकमेकांना भेटले, तरच त्यांच्यातून रेघा पुन्हा तयार होतात. येना शहरात कार्ल झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हेच मांडलं.

मग हिरव्याने फसवलं का? आयरिस बंद केली तरी तिला बारीक भोक राहतंच, आणि कंडेन्सर त्या भोकातून आलेला प्रकाश थोडा तिरका करून पाठवतो. तो तिरकेपणा साधारण ०.१. एका बाजूने तिरका आलेला किरण दुसऱ्या बाजूला फुटताना तेवढा कमी तिरका निघतो. ०.७१ मधून ०.१ गेले, ०.६१ उरले, आणि हिरवा आत शिरला. तांबड्याचे ०.७५ उरले, तो बाहेरच राहिला. परवाच्या निकालाचा पूर्ण मेळ बसला.

कंडेन्सर काढूनच टाकला. एलईडीवर काळा कागद, त्याला दोन मिलीमीटरचं भोक, आणि तो स्टेजच्या १२ सेंटीमीटर खाली बरोबर मधोमध. आता प्रकाश जवळजवळ सरळच येतो.

निळा लावला, रेघा आहेत. हिरवा लावला, नॉब इकडून तिकडे पूर्ण फिरवला, काहीच नाही. एकसारखा हिरवा उजेड, मध्ये धुळीचा एक कण तेवढा स्पष्ट. परत निळा, परत रेघा. भाचीने आठ-दहा वेळा अदलाबदल केली. मी दूर खुर्चीवर बसून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

मग तिला आयपीस काढून नळीत बघायला सांगितलं. खाली भिंगाच्या मागच्या बाजूला पाचेक मिलीमीटरचं गोल वर्तुळ दिसतं. निळ्या उजेडात मध्ये एक ठिपका आणि दोन बाजूंना, अगदी कडेला चिकटून, दोन फिकट निळे ठिपके. त्यांची बाहेरची कड किंचित कापलेली. हिरवा लावला की मधला ठिपका एकटाच. ज्याला गणित नको असेल त्याला ही दोन वर्तुळं दाखवली तरी पुरे.

१५ जून

आज एक उलटी गोष्ट करून पाहिली. हिरवाच एलईडी ठेवला, पण मध्यापासून एका बाजूला सरकवत नेला. साधारण सात-आठ मिलीमीटर सरकला तोच रेघा आल्या. नळीत पाहिलं तर मधला ठिपका एका बाजूला गेलेला आणि विरुद्ध कडेने हिरवा ठिपका आत डोकावलेला. तांबड्याला अडीच सेंटीमीटर सरकवावं लागलं, मग त्यातही रेघा दिसल्या. सरकवायचं ते खोबणींना आडवं. खोबणींच्या दिशेने सरकवलं तर कितीही नेलं तरी उपयोग नाही.

म्हणजे प्रकाश जास्तीत जास्त तिरका टाकला, तर सरळ किरण एका कडेने आणि फुटलेला किरण दुसऱ्या कडेने आत येऊ शकतो. भिंगाची पूर्ण रुंदी कामाला लागते. पुस्तकातल्या सूत्रात खाली २ येतो तो इथून येतो:

```
d = λ / (NA_objective + NA_condenser)
NA दोन्हीकडे सारखा असेल तर  d = λ / (2 NA)
```

d म्हणजे वेगळ्या दिसू शकतील अशा रेघांमधलं सर्वांत कमी अंतर, λ म्हणजे तरंगलांबी, NA म्हणजे न्युमरिकल ॲपर्चर. शाळेत हे सूत्र पाठ केलं होतं. त्यातल्या दोनाला हातात धरून बाजूला सरकवता येतं हे मात्र आज कळलं.

२१ जून

लॅबवाल्यांचा मूळ प्रश्न. एलईडी परत मधोमध, हिरवा. १०एक्सचा आयपीस काढून २५एक्सचा लावला. सपाट हिरवा उजेड होता, तो आता मोठा आणि मंद सपाट हिरवा उजेड झाला. रेघा नाहीत. मग निळा लावून सर्वांत हलका, ५एक्सचा आयपीस घातला. रेघा आहेत. अगदी बारीक, डोळे ताणून बघाव्या लागतात, पण आहेत.

त्यांच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हचा हिशेबही करून ठेवला. त्यावर 100/1.25 आहे. मध्यम हिरव्या उजेडात, ५५० नॅनोमीटर धरले तर, सगळं उत्तम जुळलं तरी d येतो ०.२२ मायक्रॉन. हजार पट मोठा केला की तो ०.२२ मिलीमीटर होतो. निरोगी डोळा पंचवीस सेंटीमीटरवरून ०.१ मिलीमीटर ओळखतो. म्हणजे भिंगाने जे काही पकडलंय ते हजार पटीत डोळ्याला पुरेपूर पोचलेलंच आहे. त्यापुढे मोठं करणं म्हणजे पोळी लाटून पातळ करत राहणं, पीठ तेवढंच.

२८ जून

दिवसभर पाऊस. गिऱ्हाईक नाही. भाचीने फोनवर विचारलं, "निळ्याने जमतं तर आणखी आखूड तरंगलांबी का नाही घ्यायची? जांभळा, त्याच्या पलीकडचा?"

हे लोकांनी केलेलं आहे. झाइसमधल्याच आउगुस्ट क्योलर यांनी १९०४ मध्ये २७५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचा मायक्रोस्कोप दाखवला. हिरव्यापेक्षा निम्मी तरंगलांबी, म्हणून बारकावाही दुप्पट. पण साधी काच हा प्रकाश गिळून टाकते, त्यामुळे सगळी भिंगं, स्लाइडसुद्धा, क्वार्ट्झची करावी लागली. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून फोटो काढूनच बघायचं. त्याहून आखूड गेलं की २०० च्या आत हवासुद्धा प्रकाश शोषायला लागते. आणि क्ष-किरणांना वळवणारं नेहमीचं काचेचं भिंग बनत नाही. प्रकाशाच्या वाटेने फार तर दोन-तीन पट मिळतात.

आमच्याच डब्यातल्या डिस्कमध्ये हा इतिहास दिसतो. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीचा ६५०, ब्लू-रेचा ४०५. रंग आखूड होत गेला, समोरच्या भिंगाचा ॲपर्चरही ०.४५ वरून ०.६० आणि ०.८५ वर गेला, आणि खोबणी जवळजवळ येत गेल्या. नुसत्या रंगाने एवढं साधलं नसतं, दोन्ही बाजूंनी रेटलं.

भाचीच्या कॉलेजात स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. त्यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा किरण वस्तूवर फिरवून चित्र काढतात, आणि इलेक्ट्रॉनची लाट प्रकाशापेक्षा कितीतरी आखूड असते. तिने तिथल्या सरांना विचारून पुढच्या शनिवारी अर्धा तास मिळवला. हाच तुकडा घेऊन जायचा.

४ जुलै, नवी मुंबई

ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडली. ऐरोली-रबाळेपर्यंत पावसात बाहेरचं काही दिसत नव्हतं. तुकडा कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डबीत, कापसात.

यंत्राची खोली थंड आणि कोरडी. इतक्या कोरड्या खोलीत माझी भिंगं ठेवायला मिळाली तर किती बरं, हे पहिलं मनात आलं. तिथल्या ऑपरेटर ताईंनी तुकडा नखाएवढा कापला, ॲल्युमिनियमच्या बुटक्या खुंटीवर काळ्या कार्बन टेपने चिकटवला आणि आधी सोन्याचा मुलामा द्यायला ठेवला. दहा नॅनोमीटरचा थर. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, इलेक्ट्रॉन पडत राहिले की ते तिथेच साचतात आणि पुढच्या इलेक्ट्रॉनना ढकलायला लागतात.

मग निर्वात कक्ष. पंप चालू झाला, चार-पाच मिनिटं वाट पाहिली. हवेत इलेक्ट्रॉन सरळ जाऊ शकत नाही, त्यामुळे ओली, जिवंत वस्तू इथे साध्या पद्धतीने बघता येत नाही. माझ्या लॅबवाल्यांचं ओलं काम इथे होणारच नाही.

पहिलं चित्र २० किलोव्होल्टला. मला वाटलं होतं व्होल्टेज जास्त म्हणजे तरंगलांबी आखूड, म्हणजे चित्र आणखी बारीक. चित्र आलं ते धुरकट. खोबणी होत्या, पण धुक्यातून दिसाव्यात तशा, आणि एका कोपऱ्यात पांढरे पट्टे सरकत होते. ताई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात टेप नीट टेकलेली नाही, चार्ज साचतोय. आणि बाकीचं म्हणाल तर इलेक्ट्रॉन खूप खोल जातायत." २० किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन या हलक्या प्लॅस्टिकमध्ये सात-आठ मायक्रॉन आत शिरतो आणि तिथून भरकटत पुन्हा वर येतो. वर येताना तोही संदेश देतो, पण किरण पडला त्या जागेचा नव्हे, आसपासच्या मोठ्या परिसराचा. आमची खोबण तर मायक्रॉनच्या पाचव्या भागाइतकीही खोल नाही.

व्होल्टेज ५ वर आणलं. तरंगलांबी दुप्पट झाली आणि चित्र स्वच्छ झालं! इलेक्ट्रॉन आता एका मायक्रॉनच्या आतच थांबतात, पृष्ठभाग बोलायला लागतो. २०,००० पटीत पडद्यावर आठ खोबणी. हळू स्कॅनला वरून खाली चित्र उमटत येतं, भात शिजताना झाकण उचलायचा मोह होतो तसा माउसला हात लावायचा मोह होतो.

एका खोबणीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत रेघ ओढून मोजलं, ०.७४ मायक्रॉन. माझ्या टेबलावरच्या निळ्या रेघा आणि या, त्याच.

फरक कुठे होता ते सांगतो, कारण त्यासाठीच गेलो होतो. माझ्या मायक्रोस्कोपमध्ये काळी रेघ, उजळ रेघ, काळी रेघ, दोन्ही सारख्याच रुंदीच्या आणि कडा मऊ. इथे खोबण अरुंद आहे, मधली पट्टी चांगली रुंद आहे. खोबणीच्या भिंती उतरत्या आहेत, वरच्या कडा किंचित गोल आहेत. आणि खोबण सरळ नाही, ती नागमोडी डुलत जाते. हे मुद्दाम केलेलं असतं, त्या डुलण्यावरून ड्राइव्हला डिस्कचा वेग कळतो.

घरच्या भिंगाने हे का दाखवलं नाही? त्याच्या आत प्रत्येक बाजूचा एकेकच फुटलेला किरण आला होता. एका किरणातून फक्त लयदार, मऊ लाट तयार होते. खोबण अरुंद आहे की रुंद, भिंत उभी आहे की उतरती, ही माहिती त्यापुढच्या, जास्त तिरक्या किरणांत असते. दुसरा किरण निळ्यातसुद्धा १.२६ वर जायला हवा, आणि हवेत साइन एकच्या पुढे जात नाही. तो किरण जन्मालाच येत नाही. म्हणजे त्या दिवशी "रेघा दिसल्या" असं मी लिहिलं ते खरं, पण मला दिसलं ते रेघांचं अंतर. खोबणीचा आकार मी आज प्रथम पाहिला.

जाता जाता आणखी मोठं करून पाहिलं. सोन्याचे दाणे दिसायला लागले, म्हणजे आता आपण डिस्क बघत नसून मुलामा बघतोय. परत मागे आलो तेव्हा जिथे थांबलो होतो तिथे एक काळसर चौकोन उमटलेला. किरण एकाच जागी घोटाळला की तिथे कार्बनचा थर बसतो. असा चौकोन दिसला की पुढचं चित्र दुसऱ्या जागेवर घ्यायचं.

५ जुलै

रात्री झोप आली नाही म्हणून हिशेब करत बसलो. १० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.०१२ नॅनोमीटर. माझा निळा एलईडी ४६५. म्हणजे सुमारे ३८,००० पट आखूड. मग बारकावासुद्धा ३८,००० पट मिळायला हवा, अणूच्या आतलं दिसायला हवं. पण त्या यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलंय ३ नॅनोमीटर, तेही ३० किलोव्होल्टला. तेल घातलेल्या चांगल्या भिंगाच्या २०० नॅनोमीटरपुढे हे साठ-सत्तर पट झालं. बाकीचं गेलं कुठे?

गेलं ते ॲपर्चरमध्ये. सूत्रात खाली NA आहेच. माझं साधं काचेचं भिंग ४० अंशांचा शंकू घेतं, इलेक्ट्रॉनचं चुंबकीय भिंग अर्ध्या अंशाचाही घेत नाही. त्याचा NA साधारण ०.००६. ०.०१२ भागिले त्याची दुप्पट, उत्तर आलं १ नॅनोमीटर. प्रकाशाचं भिंग आपल्या लाटेच्या निम्म्यापर्यंत बारकावा काढतं, इलेक्ट्रॉनचं भिंग लाटेच्या ऐंशी-नव्वद पटीवर अडकतं.

शंकू मोठा का करत नाहीत? कडेचे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात, हा गोलीय दोष. काचेत बहिर्गोल भिंगाला अंतर्गोल जोडून तो काढतात, मी रोज अशी जोडभिंगं उघडतो. चुंबकीय भिंगाला असा अंतर्गोल जोडीदारच नाही. साध्या गोल, स्थिर चुंबकीय भिंगात हा दोष कधीच शून्य होऊ शकत नाही, हे ओट्टो शेर्झर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. शंकू दुप्पट केला तर लाटेमुळे येणारा धूसरपणा निम्मा होतो, पण गोलीय दोषाचा आठपट वाढतो. म्हणून मधली कुठलीतरी अरुंद जागा शोधून तिथेच थांबावं लागतं. गोल नसलेली, अनेक ध्रुवांची चुंबकं लावून हा दोष सुधारायला १९९० चं दशक सरत आलं.

भाचीने अर्न्स्ट रुस्का यांच्याबद्दल वाचून सांगितलं. १९३१ मध्ये बर्लिनला माक्स क्नोल यांच्यासोबत त्यांनी पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बांधला तेव्हा इलेक्ट्रॉनलाही लाट असते, हे त्यांच्या गावी नव्हतं. नंतर कळलं तेव्हा ते आधी हिरमुसले, की इथेही तरंगलांबीची भिंत आडवी येणार. मग इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सांगणाऱ्या द ब्रॉयी यांच्या सूत्रात आकडे घालून पाहिले आणि भिंत प्रकाशाच्या मानाने कितीतरी दूर निघाली. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आकडे घातल्यावर जीवात जीव येतो, हा अनुभव १४ जूनला मीही घेतला.

११ जुलै

पॅथॉलॉजी लॅबचे टेक्निशियन दादा मायक्रोस्कोप न्यायला आले. त्यांना आधी काहीच सांगितलं नाही. हिरव्यात डोळा लावायला दिला, २५एक्सच्या आयपीसने. "काही नाही." निळा लावला. "रेघा आल्या. काय फिरवलंत?" काहीच फिरवलं नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच स्विच चार-पाच वेळा खालीवर केला. मग नळीतली दोन वर्तुळं दाखवली, आणि एलईडी बाजूला सरकवून हिरव्यातही रेघा आणून दाखवल्या.

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग जे बोलले त्याने माझंच लक्ष वेधलं. "म्हणजे खालून येणारा प्रकाशही तितकाच तिरका हवा? आम्ही तर कंडेन्सर खाली उतरवून आयरिस बंदच ठेवतो. युरिन बघताना तसं लागतं, मग कोण परत वर करतो."

हिशेब तिथेच कागदावर केला. आयरिस बंद, कंडेन्सरचा ०.१ धरला: ०.५५ भागिले १.३५, म्हणजे ०.४१ मायक्रॉन. कंडेन्सर वर, आयरिस उघडी, तेल न लावता ०.९: ०.५५ भागिले २.१५, म्हणजे ०.२६. इतके दिवस मलेरियाच्या स्लाइड ते शंभरच्या भिंगाने बघत होते, पण बारकावा जवळपास चाळीसच्या भिंगाचाच मिळत होता.

२५एक्सचे आयपीस त्यांनी घेतले नाहीत. त्यांच्या मायक्रोस्कोपच्या कंडेन्सरच्या नॉबवर मी पांढऱ्या रंगाने एक टिंब काढून दिलं. टिंब समोर असलं की कंडेन्सर वर. युरिन झाली की रक्ताच्या स्लाइडआधी टिंब समोर आणायचं आणि आयरिस उघडायची.